बाळाच्या पहिल्या लशींनंतर ताप, सूज आणि न थांबणारं रडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जन्मानंतर लगेच मिळणाऱ्या लशी आणि दीड महिन्याचा डोस, एवढंच घेतलं आहे. घरच्यांची सगळ्यात जास्त धावपळ या दोन वेळी होते. प्रत्येक लशीच्या त्रासाला स्वतःचं वेळापत्रक असतं. त्रास त्या वेळापत्रकात बसत असेल तर बहुतेक वेळा घरीच निभतं. बसत नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. पुढची बहुतेक उत्तरं याच धाग्याने जातात.

पहिल्या लशी नेमक्या कोणत्या आणि कुठे टोचतात?

सरकारी वेळापत्रकात जन्मानंतर तीन लशी आहेत. डाव्या दंडावर कातडीत क्षयरोगाची बीसीजी, तोंडात पोलिओचे दोन थेंब आणि मांडीत हिपॅटायटिस बी. हिपॅटायटिसची लस शक्यतो पहिल्या २४ तासांत देतात.

सहा आठवडे झाले की दीड महिन्याचा डोस. डाव्या मांडीत पाच आजारांची एकत्र लस म्हणजे पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस म्हणजे पीसीव्ही, उजव्या दंडावर कातडीत पोलिओचं छोटं इंजेक्शन, आणि तोंडावाटे पोलिओ व रोटाव्हायरस. कोणती बाजू कोणत्या लशीची हे लक्षात ठेवा. डावी मांडी सुजली तर ते बहुधा पेंटाचं काम असतं. डाव्या दंडावर महिन्याभराने फोड आला तर ती बीसीजी. उजव्या दंडावर तसा फोड यायला नको. खाजगी दवाखान्यात जागा थोड्या बदलू शकतात, म्हणून कार्डावर लिहून घ्यावं.

बाळ चार दिवसांचं आहे. जन्मल्यावर लशी दिल्या होत्या आणि आता अंग तापलंय. लशीचाच ताप ना?

असं धरून बसू नका. या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी या लशींनी सहसा ताप येत नाही. हिपॅटायटिसच्या लशीने एखाद्या बाळाला पहिल्या दिवशी थोडी कणकण येऊ शकते, पण चौथ्या दिवशी चढलेला ताप तिच्या माथी मारता येत नाही. तरी घरात हमखास तेच घडतं, कारण कार्डावर लशीची तारीख डोळ्यांसमोर असते आणि दुसरं कारण कुणाला सुचत नाही.

या वयात तापाची दोन-तीन कारणं नेहमी भेटतात. पहिलं अगदी साधं: बाळ फार गुंडाळलेलं असतं. टोपी, हातमोजे, पायमोजे, दोन दुपटी, खोली बंद आणि कोपऱ्यात शेगडी. अशा वेळी कपडे कमी करा, शेगडी बाजूला न्या आणि अर्ध्या तासाने काखेत थर्मामीटर लावून पुन्हा मोजा. आकडा उतरला, बाळ नीट दूध पितंय आणि रंग छान आहे, तर प्रश्न मिटला.

दुसरं कारण दूध कमी पडणं. अंगावरचं दूध पुरेसं उतरायला दोन-चार दिवस लागतात, विशेषतः सिझेरियननंतर. त्या काळात बाळाच्या शरीरातलं पाणी कमी होऊन ताप येतो. शू कमी होते, लंगोटावर विटकरी डाग दिसतो, ओठ कोरडे पडतात. वजन केलं की लगेच कळतं, कारण जन्माच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट झालेली असते. यावर उपाय दूध वाढवण्याचा आहे, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं.

तिसरं कारण जंतुसंसर्ग, आणि त्याच्यासाठीच घाई करायची. नवजात बाळात रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो आणि सुरुवातीला लक्षण म्हणून फक्त ताप किंवा दूध न ओढणं एवढंच असतं. उलट काही बाळांचं अंग तापण्याऐवजी थंड पडतं. तेही तितकंच गंभीर.

म्हणून पहिल्या महिन्यात कपडे कमी करूनही काखेतलं तापमान ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त राहिलं, तर पॅरासिटामॉल न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १००.४ किंवा जास्त असेल तर रात्र असली तरी थांबू नका. लस कोणत्या दिवशी दिली हे त्यांना जरूर सांगा, पण "लशीचाच असेल" असं घरी ठरवून रात्र काढू नका.

दीड महिन्याच्या डोसनंतर ताप येणं मात्र चालतं?

हो, तिथे गणित वेगळं आहे. पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचा जो घटक असतो त्यात मारलेले अख्खे जंतू असतात. शरीर त्यांच्याशी दोन हात करतं आणि ताप येतो. साधारण निम्म्या बाळांना कमीजास्त ताप येतो, मांडी दुखते, चिडचिड होते. ताप बहुधा त्याच संध्याकाळी किंवा रात्री चढतो, १०० ते १०२ च्या आसपास राहतो आणि ४८ तासांत उतरतो.

ताप आला म्हणजे लस लागू पडली आणि आला नाही म्हणजे फुकट गेली, असा समज पुष्कळ घरांत आहे. तो खरा नाही. ताप न आलेल्या बाळालाही तेवढंच संरक्षण मिळतं.

लशीने ताप येऊ शकत असला तरी तीन महिन्यांखालच्या बाळाचा प्रत्येक ताप आम्ही डॉक्टर सावधपणेच बघतो. डोसनंतरच्या ४८ तासांतला, १०२ पर्यंतचा ताप असेल, बाळ दूध पीत असेल, मध्ये मध्ये डोळे उघडून बघत असेल आणि नेहमीसारखी शू करत असेल, तर घरी लक्ष ठेवता येतं. ताप १०२ च्या वर गेला, दोन दिवसांनंतरही टिकला, किंवा आकडा कमी असूनही बाळ मलूल वाटलं, तर दाखवायलाच हवं. आणि दोन दिवस सगळं ठीक राहून तिसऱ्या-चौथ्या दिवशी नव्याने ताप चढला, तर तो दीड महिन्याच्या लशींचा मानत नाहीत. घरात कुणाला सर्दी-खोकला आहे का, बाळाला लघवीचा संसर्ग झालाय का, हे तपासावं लागतं.

हात लावून अंग गरम लागतंय, एवढं पुरेसं नाही का?

नाही. थंड पाण्यातून काढलेल्या हाताला सगळंच गरम लागतं. साधा डिजिटल थर्मामीटर काखेत, कातडीला चिकटून, बीप वाजेपर्यंत धरा. काख घामाने ओली असेल तर आधी पुसून घ्या. दूध पाजून झाल्याबरोबर, रडत असताना किंवा गुंडाळलेल्या अवस्थेत मोजू नका. आकडा वेळेसकट लिहून ठेवा, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न "किती होता आणि कधी" हाच असतो. बाळाच्या तोंडात थर्मामीटर कधीही घालू नये.

पॅरासिटामॉल किती द्यायचं?

इथे चूक होते ती औषधाच्या नावात नाही, बाटलीत होते.

मात्रा वजनावर ठरते: एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान सहा तासांचं अंतर, दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. दीड महिन्याचं बाळ साडेचार किलोचं आहे असं धरू. म्हणजे एका वेळी ४५ ते ६५ मिलिग्रॅम. सोयीसाठी ५० म्हणू.

आता बाटल्या बघा. ड्रॉपर असलेल्या छोट्या बाटलीत, म्हणजे ड्रॉप्समध्ये, बहुतेक वेळा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. तिथून ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा मिली. सिरपच्या मोठ्या बाटलीवर "५ मिलीत १२५" लिहिलेलं असेल, तर तेच ५० मिलिग्रॅम म्हणजे २ मिली. "५ मिलीत २५०" असेल तर १ मिली. औषध तेच, नावही तेच, पण मिली तीन वेगवेगळे.

आता घरात मोठ्या भावंडाचं सिरप संपलं म्हणून कुणी ड्रॉप्सची बाटली आणली आणि "मागच्या वेळी दोन मिली दिलं होतं" म्हणून तेवढंच भरलं, तर बाळाच्या पोटात २०० मिलिग्रॅम जातं. हवं त्याच्या चौपट. एकदा झालं तर बाळाला नेऊन दाखवावं, आणि दर सहा तासांनी तसंच चालू राहिलं तर यकृतावर ताण येतो. म्हणून लस देणाऱ्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना "किती मिली" एवढंच विचारू नका. हातात तीच बाटली घेऊन "या बाटलीतून किती मिली" असं विचारा आणि कार्डाच्या मागे लिहून घ्या. मोजायला ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. चमच्याचा अंदाज लहान बाळाला नको.

गोळीचे तुकडे करून देणंही टाळा. ५०० च्या गोळीचा पाव भाग म्हणजे १२५ मिलिग्रॅम. साडेचार किलोच्या बाळाला तो दुपटीहून जास्त होतो, आणि तुकडा कधी पाव होतो, कधी तिसरा हिस्सा.

दीड महिन्याच्या बाळाला पॅरासिटामॉलखेरीज तापाचं दुसरं औषध घरी देऊ नये. ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही. निमेसुलाइड तर भारतात २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदच आहे, तरी जुन्या बाटल्या कपाटात सापडतात.

ताप यायची वाट कशाला बघायची? लस देण्याआधीच औषध दिलं तर?

नको. २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, लशींबरोबर आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत ताप कमी आला, पण काही घटकांविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडंही कमी आढळली. म्हणून ताप किंवा ठणका आल्यावरच औषध द्यायचं असा नियम आहे.

लंडनला असलेली मावशी फोनवर उलट सांगेल, आणि तीही चुकत नसते. ब्रिटनमध्ये दोन महिन्यांच्या बाळाला मेनिन्जायटिसची मेनबी लस बाकी लशींसोबत देतात. तिने ताप बराच येतो, म्हणून तिथे पॅरासिटामॉल ताप न बघता सुरू करायला सांगतात. आपल्या सरकारी डोसमध्ये ती लस नाही, त्यामुळे तो सल्ला इकडे लागू होत नाही.

डोस देऊन आणल्यापासून बाळ सलग रडतंय. कसंही करून गप्प होत नाही. किती वेळ वाट बघायची?

डोसनंतरचं रडणं साधारण दोन प्रकारचं असतं. एक ठणक्याचं. मांडी हलली की रडतं, उचलून छातीशी धरलं, पाजलं की शांत होतं, पुन्हा थोड्या वेळाने किरकिर करतं. हे पहिल्या दिवशी घरोघरी चालतं. त्यावर अंगावर पाजणं, दुखरी मांडी न दाबता घेणं आणि गरज वाटल्यास पॅरासिटामॉलचा एक डोस, एवढं पुरतं.

दुसरं म्हणजे तीन तास किंवा त्याहून जास्त, न थांबता, कळवळून रडणं. आवाज नेहमीपेक्षा चिरका असतो आणि कशानेही समजूत पटत नाही. डांग्या खोकल्याचा घटक असलेल्या लशीनंतर हे होतं, पण शंभरात एकाहून कमी बाळांत. डोसनंतर काही तासांत सुरू होतं आणि सहसा एका दिवसाच्या आत थांबतं. ठणका हेच त्याचं मुख्य कारण मानतात आणि पुढे मेंदूवर त्याचा परिणाम राहत नाही. तरी तीन तासांची वाट बघत घड्याळ लावून बसू नका. पॅरासिटामॉल देऊन तासाभरात जरासुद्धा फरक नसेल तर डॉक्टरांना फोन करा, आणि तीन तास झाले तर बाळाला घेऊन जा. कारण "लशीचं रडणं" म्हणण्याआधी कान, पोट, जांघेत अडकलेला हर्निया, बोटाला गुंडाळलेला धागा किंवा केस हे सगळं एकदा बघून घ्यावं लागतं. शेवटचं हास्यास्पद वाटेल, पण हातमोज्यातला सुटा दोरा बोटाला आवळून बाळ रात्रभर रडल्याचं प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने पाहिलेलं असतं. मोजे उलटे करून बघा.

आणखी एक तऱ्हा ओळखता यायला हवी. बाळ एकदम पाय पोटाशी ओढून जोरात रडतं, काही मिनिटांत थांबतं, पांढरंफटक आणि थकलेलं दिसतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तसंच. सोबत उलट्या, विशेषतः हिरव्या, किंवा शीमध्ये रक्त आणि शेंबडासारखा चिकट पदार्थ. यात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकलेला असू शकतो. रोटाव्हायरसच्या लशीनंतर पहिल्या आठवड्यात याचा धोका अगदी किंचित वाढतो, आणि लस न घेताही हे होऊ शकतं. सलग रडणं आणि असं उसळी मारून येणारं रडणं यातला फरक महत्त्वाचा, कारण दुसऱ्यात वेळ घालवून चालत नाही. सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या. बाळगुटी, हिंगाचं पाणी, पोट चोळणं यातलं काहीही मध्ये करू नका.

रडून झाल्यावर बाळ एकदम गप्प, ढिलं पडलं. झोपलंय की काही झालंय?

डोसच्या दिवशी बाळ जास्त झोपतं. ती झोप आहे की नाही हे सोपं ओळखता येतं: तळपायाला गुदगुल्या केल्या, कपडे काढले की ते चाळवतं, तोंड वेंगाडतं, हात-पाय आखडून घेतं, आणि छातीशी नेलं की ओढायला लागतं. तीन-चार तासांनी उठवून पाजायचं.

याउलट बाळ फिकट किंवा निळसर पडलं, हातपाय चिंधीसारखे लोंबले, हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही, तर ती झोप नव्हे. पेंटाव्हॅलंटनंतर क्वचित, बहुधा तीन-चार तासांत आणि कधी पहिल्या ४८ तासांत, असा झटका येतो. तो काही मिनिटं ते काही तास टिकतो आणि बाळ पूर्ण बरं होतं. पण घरात हे ओळखणं तुमचं काम नाही, कारण आकडी, साखर कमी होणं आणि गंभीर संसर्ग बाहेरून असेच दिसतात. बाळाला सपाट झोपवा, श्वास चालू आहे का बघा, तोंडात पाणी किंवा दूध घालू नका आणि १०८ ला फोन करा.

आकडीबद्दल एक वेगळी गोष्ट. तापात येणारी साधी आकडी साधारण सहा महिन्यांनंतरच्या मुलांत दिसते. दीड महिन्याच्या बाळाला हात-पायाला झटके आले, डोळे एका बाजूला फिरले, तर "ताप डोक्यात गेला" म्हणून कांदा हुंगवत बसू नका. तपासणी हवीच.

मांडी लाल झाली आणि सुजली. शेक द्यायचा का?

गरम शेक नाही, चोळणं नाही, तेल-हळदीचा लेपही नाही. स्वच्छ रुमाल साध्या थंड पाण्यात बुडवून, पिळून, पाच-दहा मिनिटं हलक्या हाताने ठेवा. बर्फ थेट लावू नका. अंघोळ घालायला हरकत नाही, फक्त मालिश करणाऱ्या बाईंना सांगून ठेवा की दोन-तीन दिवस त्या मांडीला हात लावायचा नाही.

लाली, सूज आणि कडकपणा पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊन ओसरतो. बाळ तो पाय कमी हलवतं, लंगोट बदलताना रडतं. सूज गेल्यावर कातडीखाली वाटाण्याएवढी कडक, न दुखणारी गाठ राहते. ती काही आठवडे राहू शकते आणि आपोआप विरते. पुढच्या डोसच्या वेळी सिस्टरना दाखवा म्हणजे त्याच जागी टोचणार नाहीत.

तीन दिवसांनंतरही सूज-लाली वाढतच असेल, गुडघ्याच्या किंवा जांघेच्या पलीकडे पसरली असेल, गाठ मऊ पडून आत पाणी भरल्यासारखं लागत असेल, पू येत असेल किंवा बाळ तो पाय अजिबात हलवत नसेल, तर दाखवा. पेनाने लालीच्या कडेवर एक रेघ काढून ठेवायची. सहा तासांनी रंग रेघेबाहेर गेला की नाही, हे वादाशिवाय कळतं.

डाव्या दंडावर महिन्याने फोड आला, आता त्यातून पू येतोय. इंजेक्शन पिकलं का?

ही बीसीजी आहे आणि ती अशीच वागते. टोचल्यावर उठलेला पांढरा फुगवटा अर्ध्या तासात मावळतो. मग तीन-चार आठवडे काहीच नाही. त्यानंतर लाल पुटकुळी येते, वाढते, पिवळी पडते, फुटून थोडा स्राव येतो, खपली धरते, पुन्हा ओली होते. हे सगळं थांबायला टोचल्यापासून साधारण सहा ते बारा आठवडे लागतात आणि शेवटी लहानसा खळगा राहतो. मोजणी जन्मतारखेपासून नाही, बीसीजी दिल्याच्या तारखेपासून करा. कारण काही ठिकाणी ती जन्मानंतर लगेच न देता पुढच्या भेटीत देतात.

मध्यंतरी दीड महिन्याचा डोस येतो, आणि जुन्या बीसीजीचा फोड नेमका त्याच आठवड्यात फुटतो. मग घरी वाटतं, कालचं इंजेक्शन पिकलं. दंड डावा की उजवा हे बघितलं की उलगडा होतो.

त्या फोडाला काही करायचं नाही. पिळायचा नाही, पट्टी बांधायची नाही, जंतुनाशक मलम किंवा कडुनिंबाचा लेप लावायचा नाही. अंघोळीचं पाणी लागलं तर अलगद टिपून घ्या आणि सैल बाहीचं झबलं घाला.

डाव्या काखेत छोटी, सरकणारी, न दुखणारी गाठ लागली तर तीही बीसीजीमुळेच असते. ती दीड सेंटिमीटरहून मोठी झाली, वरची कातडी लाल झाली किंवा गाठ मऊ पडली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कधी कधी सुईने आतला पू काढावा लागतो. घराजवळच्या कुणाकडून ती चिरून घेऊ नका, जखम महिनोन्‌महिने वाहत राहते.

आमच्या बाळाला बीसीजीचा व्रण उठलाच नाही.

काही बाळांना उठत नाही. कार्डावर नोंद असेल तर पुन्हा टोचण्याची गरज नाही.

रोटाव्हायरसच्या थेंबांनंतर शी पातळ होतेय.

एक-दोन दिवस थोडी पातळ शी किंवा एखादी उलटी चालते. अंगावर पाजत राहा. आठ तास शू झाली नाही, टाळू खोल गेली किंवा वर सांगितलेली हिरवी उलटी, रक्ताची शी दिसली, तर मात्र लगेच न्या.

डोस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. उगाच?

उगाच नाही. खरी तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांत साधारण एकदा होते, पण झाली तर बहुधा काही मिनिटांतच होते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वास घरघरतो, बाळ ढिलं पडतं. त्यावरचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लसीकरणाच्या जागी ठेवलेलं असतं, रिक्षात नसतं. त्या अर्ध्या तासात बाळाला पाजून घ्या, रडणंही लवकर थांबतं.

फार लवकर, म्हणजे २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस मध्येच श्वास थांबण्याचा धोका असतो. अशा बाळांचा पहिला डोस कुठे द्यायचा आणि किती वेळ लक्ष ठेवायचं, हे आधीच बालरोगतज्ज्ञांना विचारा.

एका बाळाचे डोसनंतरचे दिवस प्रत्यक्षात कसे जातात?

समजा सहा आठवड्यांची, साडेचार किलोची मुलगी आहे. सकाळी ११ वाजता अंगणवाडीत डोस झाला. अर्धा तास थांबून, पाजून घरी आणली. दुपारी ३ ला किरकिर सुरू झाली, डावी मांडी गरम आणि कडक. आईने ओला रुमाल ठेवला, छातीशी घेतलं, वीस मिनिटांत झोपली. संध्याकाळी ७ ला काखेत १०१.२. सिस्टरनी बाटली बघून लिहून दिल्याप्रमाणे ड्रॉप्समधून अर्धा मिली दिलं. ८ वाजता १००. रात्री २ ला पुन्हा १०१ आणि रडणं, तेव्हा दुसरा डोस. मधल्या वेळात दोनदा शू झाली, दोनदा नीट प्याली. दुसऱ्या दिवशी दुपारी ९९.२ आणि औषधाची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी ताप नाही, मांडीत छोटी गाठ. इथे डॉक्टरांकडे जाण्याचं कारण नव्हतं.

आता याच मुलीत एकच गोष्ट बदलू. रात्री २ ला ताप १००.६ च आहे, पण संध्याकाळपासून ती दूध ओढत नाही, तोंडात धरून सोडून देते, लंगोट कोरडा आहे, आणि उठवलं तरी डोळे मिटूनच. आकडा आधीपेक्षा कमी, तरी हिला रात्रीच न्यायचं. आकड्यापेक्षा दूध, शू आणि जाग या तीन गोष्टींवर जास्त विश्वास ठेवा. याशिवाय श्वास भराभर चालणं, छाती आत ओढली जाणं, टाळू फुगणं, कण्हणं, ओठ निळे पडणं किंवा दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर ताप असो वा नसो, थेट रुग्णालय.

खाजगीत "पेनलेस" लस मिळते. तीच घ्यावी का?

सुई तेवढीच टोचते. फरक डांग्या खोकल्याच्या घटकात आहे. अख्ख्या जंतूंऐवजी त्यांचे निवडक भाग असतात, म्हणून ताप, सूज आणि लांबलेलं रडणं कमी दिसतं. पण अख्ख्या जंतूंच्या लशीचं संरक्षण जास्त टिकतं असं दिसून आलं आहे, शिवाय ती सरकारी केंद्रात मोफत आहे. फक्त एका रात्रीच्या तापाला घाबरून खर्च करावा असं मला वाटत नाही. आधीच्या डोसला खरंच जोराचा त्रास झाला असेल, तर गोष्ट वेगळी.

पहिल्या डोसला खूप त्रास झाला. अडीच महिन्यांचा डोस द्यायचा की नाही?

ताप, सूज, एक रात्र रडणं यासाठी डोस चुकवू नका. उलट डांग्या खोकल्याचा सगळ्यात मोठा धोका याच वयात असतो आणि एका डोसने पुरेसं संरक्षण मिळत नाही.

तीन तासांहून जास्त रडणं, १०५ च्या आसपास ताप किंवा वर सांगितलेला ढिलं पडण्याचा झटका येऊन गेला असेल, तर डोस कायमचा बंद होत नाही. डॉक्टर फायदा-तोटा तोलून ठरवतात आणि बरेचदा दुसऱ्या प्रकारची लस देऊन पुढे जातात. तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा डोसनंतर सात दिवसांत दुसरं कारण न सापडलेला मेंदूचा गंभीर आजार झाला असेल, तर मात्र डांग्या खोकल्याचा घटक पुन्हा देत नाहीत.

यासाठी माहिती कार्डावर असायला हवी. "मागच्या वेळी लई रडला" एवढ्यावरून ठरवता येत नाही. डोस किती वाजता दिला, रडणं किती वाजता सुरू झालं आणि कधी थांबलं, सर्वांत जास्त ताप किती, औषध कोणत्या बाटलीतून किती मिली दिलं, दवाखान्यात नेलं का, एवढं तारखेसकट माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोऱ्या जागेत लिहा. बाळाला दाखल करावं लागलं असेल तर आशाताईंना किंवा सिस्टरना त्याच दिवशी कळवा. अशा घटनांची नोंद आणि चौकशी जिल्हा पातळीवर होते, आणि ती तुम्ही सांगितल्याशिवाय सुरू होत नाही.